गोळा अर्धा भरला म्हणजे नेमकं काय आलं?

प्रश्न: भोसरीत आमचं मशीन शॉप आहे. ८ सीएनसी टर्निंग, २ व्हीएमसी, दोन शिफ्ट मिळून १९ माणसं. भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलाय, पाव-अर्धा-पाऊण-पूर्ण गोळेवाला. ऑडिटला चालतो, पण त्या गोळ्यांचा अर्थ दोन सुपरवायझर दोन तऱ्हेने लावतात आणि पगारवाढीच्या वेळी भांडणं होतात. प्रत्येक लेव्हलला चांगलं काम म्हणजे काय, हे लिहायचं कसं?

उत्तर:

तुमच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी न बघता सांगतो. पाव गोळा: शिकतोय. अर्धा: देखरेखीखाली करतो. पाऊण: स्वतंत्र करतो. पूर्ण: दुसऱ्याला शिकवतो. मी पाहिलेल्या बहुतेक शॉपमध्ये हीच चार वाक्यं असतात, कारण एकाची फाइल दुसऱ्याकडे जाते आणि फक्त वरचं कंपनीचं नाव बदलतं.

गडबड या चार वाक्यांतच आहे. दिवसपाळीच्या सुपरवायझरच्या लेखी 'स्वतंत्र' म्हणजे सेटिंग झालेल्या मशीनवर काही न विचारता शिफ्ट काढणारा. रात्रपाळीच्या सुपरवायझरच्या हाताशी सेटर नसतो, त्यामुळे त्याच्या लेखी 'स्वतंत्र' म्हणजे इन्सर्ट तुटला तरी आपला आपण सावरणारा. दोघंही खरं बोलतात. एकाच माणसाला एक जण पाऊण देतो, दुसरा अर्धा, आणि मार्च-एप्रिलमध्ये तो माणूस तुमच्या केबिनमध्ये उभा राहून विचारतो की साहेब, माझा पाव गोळा कुठे गेला.

तेव्हा गोळे तूर्त बाजूला ठेवा. ते सगळ्यात शेवटी भरायचे. आधी ओळी ठरवायच्या, मग एकेका ओळीत चार वेळा लिहायचं की या लेव्हलचा माणूस मशीनपाशी उभा असताना बघणाऱ्याला काय दिसेल.

ओळी कुठून आणायच्या

'सीएनसी टर्निंग' अशी एकच ओळ असेल तर ती मोडा. त्या दोन शब्दांत जॉब लावणं, माप घेणं, ऑफसेट देणं, इन्सर्ट बदलणं, सॉफ्ट जॉ बोअर करणं, नवीन पार्टचं सेटिंग असं सगळं कोंबलेलं आहे. एकाला माप उत्तम घेता येतं पण जॉ बोअर करताना हात थरथरतो. त्याला अर्धा द्यायचा की पाऊण? काहीही दिलं तरी खोटंच.

पण मोडायच्या नादात चाळीस ओळीही करू नका. मी एकदा बासष्ट ओळींचा तक्ता केला होता. दोन महिन्यांनी तो कुणी भरत नव्हतं, मीसुद्धा नाही. आता मी दोनच गोष्टी बघतो. एक म्हणजे गेल्या सहा महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर, आणि दुसरी म्हणजे रात्रपाळीतून तुम्हाला किंवा सेटरला कशासाठी फोन आले. दुसऱ्या गोष्टीची नोंद बहुधा कुठेच नसते, तेव्हा रात्रीच्या माणसांना चहाला बसवून विचारा. माप पळालं, इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब गेला, जॉ बदलल्यावर रनआउट आला, गेजमध्ये बसतोय पण मायक्रोमीटर वेगळं दाखवतो, अशी पाच-सात उत्तरं पुन्हा पुन्हा येतील. त्याच तुमच्या ओळी. टर्निंगला सहा-सात पुरतात. व्हीएमसीला काही ओळी वेगळ्या लागतील, पण पद्धत हीच, म्हणून पुढे टर्निंगचंच धरून चालतो.

एक ओळ पूर्ण करून बघू

सगळ्यात जास्त भांडण जिच्यावर होतं ती घेऊ: चालू उत्पादनात ऑफसेट देऊन माप राखणं. उदाहरणाला एक साधा शाफ्ट धरा. बेअरिंग बसायची जागा ३० मिलिमीटर, h7. म्हणजे वरची हद्द ३०.०००, खालची २९.९७९, मध्ये २१ मायक्रॉन. मध्यबिंदू साधारण २९.९९०. टॉलरन्सचा मधला अर्धा भाग, २९.९८४ ते २९.९९५, हा हिरवा पट्टा धरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हद्दीपर्यंत पिवळा, तर बोलायला सोपं जातं.

लेव्हल १ ला चांगलं काम कोणतं? या माणसाने ऑफसेटच्या पानाला हात लावायचा नाही. पण त्याने दिलेल्या मापावर दुसऱ्याला डोळे झाकून विश्वास ठेवता आला पाहिजे. तो जॉब पुसतो, मायक्रोमीटरची तोंडं पुसतो, झीरो बघतो. एकच जॉब त्याने तीनदा मोजला तर तिन्ही आकडे २ मायक्रॉनच्या आत येतात. माप पिवळ्यात गेलं की मशीन थांबवतो आणि बोलावतो. 'अजून एक काढून बघू' म्हणत नाही. बस, एवढंच. अनेक ठिकाणी लेव्हल १ म्हणजे 'अजून काही येत नाही' असं लिहिलेलं असतं. ते चूक आहे. पहिल्या लेव्हललाही एक काम नीट यायलाच हवं, आणि इथे ते काम आहे खरं माप आणि वेळेवर हाक.

लेव्हल २ चा माणूस ऑफसेट देतो, पण मशीनवर लावलेल्या कागदानुसार. कागदावर समजा असं आहे: माप पिवळ्यात आलं तर लगेच पुढचा जॉब मोजा. तोही त्याच बाजूच्या पिवळ्यात असेल तरच X वेअरमध्ये ५ मायक्रॉनने उलट दिशेला सरका. पुढचा जॉब मोजून रजिस्टरला लिहा. माप हद्दीबाहेर असेल तर ऑफसेट देऊ नका, बोलवा. तो हे न चुकता करतो.

इथे एक बारीक जागा आहे, ती तक्त्यात आलीच पाहिजे. फनकच्या कंट्रोलवर वेअरच्या पानावर आकडा टाकल्यावर खाली दोन सॉफ्ट की दिसतात, `INPUT` आणि `+INPUT`. पहिली जुना आकडा पुसून नवा बसवते, दुसरी जुन्यात मिळवते. समजा वेअरमध्ये आधीच `-0.045` आहे आणि पोराला अजून ५ मायक्रॉन कमी करायचे आहेत. त्याने `-0.005` टाकून `+INPUT` दाबलं तर `-0.050` होतं आणि जॉब बरोबर ५ मायक्रॉनने लहान येतो. `INPUT` दाबलं तर तिथे नुसतं `-0.005` राहतं, म्हणजे जॉब लहान व्हायच्या ऐवजी ४० मायक्रॉनने मोठा येतो. पॉइंट विसरला तर त्याहून वाईट: कंट्रोलच्या सेटिंगप्रमाणे तोच आकडा कुठे मायक्रॉन समजला जातो, कुठे मिलिमीटर. म्हणून लेव्हल २ च्या रकान्यात मी हे वाक्य जसंच्या तसं लिहितो: 'टाकण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे मोठ्याने वाचतो आणि रजिस्टरला लिहितो.' कुणी तरी शेजारी उभं राहून हे बघू शकतं, ऐकू शकतं. 'ऑफसेटचं ज्ञान आहे' हे कुणालाच दिसत नाही.

लेव्हल २ मध्येच इन्सर्ट बदलल्यानंतरचा पहिला जॉब येतो. बाहेरच्या व्यासाचं काम करताना इन्सर्ट झिजतो तसा जॉब मोठा होत जातो आणि आपण वेअर उणे करत जातो. समजा ते `-0.060` पर्यंत गेलंय. आता नवा इन्सर्ट लावला आणि आकडा तसाच ठेवला, तर पहिला जॉब साधारण ६० मायक्रॉनने लहान येणार. मोठा आलेला जॉब परत कापता येतो, लहान आलेला भंगारात जातो. म्हणून इन्सर्ट बदलला की आधी ऑफसेट मागे घेऊन थोडं मटेरियल शिल्लक ठेवायचं, कट मारून मोजायचं, मग माप गाठायचं. तुमच्या रजिस्टरमध्ये इन्सर्ट बदलल्याच्या लगेच पुढचे जॉब रिजेक्ट दिसत असतील, तर तुमचे पाऊण गोळे मुळात अर्धेही नाहीत.

लेव्हल ३ ला सगळा फरक पडतो. लेव्हल २ चा माणूस माप पळालं की ऑफसेट देतो. लेव्हल ३ चा माणूस माप पळालं की आधी ठरवतो, ऑफसेट द्यायचा की नाही.

सकाळची वेळ घ्या. मशीन रात्रभर बंद होतं, पहिले काही जॉब सरकत सरकत जातात. लेव्हल २ प्रत्येक सरकण्यामागे धावतो, आणि मशीन गरम होऊन स्थिर झालं की त्याचेच सगळे ऑफसेट उलटे फिरवावे लागतात. लेव्हल ३ वॉर्म-अप चालवून मग मोजायला सुरुवात करतो.

किंवा गरम जॉब घ्या. कूलंटची धार नीट पडत नव्हती, जॉब हाताला चांगला ऊन लागतोय, म्हणजे धरा खोलीपेक्षा २० अंश जास्त. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ३० मिलिमीटरच्या व्यासाला २० अंशांत ते जवळपास ७ मायक्रॉन होतात. तुमच्या टॉलरन्सचा एक तृतीयांश! मशीनपाशी गरम जॉब २९.९८४ दाखवतो. ऑपरेटर खूश, हिरव्यात आहे. तासाभराने क्वालिटीच्या टेबलावर तोच जॉब २९.९७७ येतो, म्हणजे रिजेक्ट. मग ऑपरेटर म्हणतो तुमचा मायक्रोमीटर चुकीचा, आणि इन्स्पेक्टर म्हणतो याला मोजता येत नाही. लेव्हल ३ चा माणूस आधी जॉब हातात धरून बघतो, कूलंटचा पाइप सरळ करतो, आणि थंड झाल्यावर मोजतो.

माझ्या एका जुन्या शॉपमध्ये एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांना विचारलं, 'मामा, इन्सर्ट गेला हे तुम्हाला मापाच्या आधी कसं कळतं?' म्हणाले, 'आवाजावरून.' अशा उत्तरावर थांबायचं नाही, नाहीतर तक्त्यात 'आवाज ओळखतो' असं काहीतरी लिहून बसाल. मी दोन दिवस त्यांच्या शेजारी उभा राहिलो. प्रत्यक्षात ते तीन गोष्टी बघत होते. चिप बारीक तुटून पडायची थांबून लांब दोरा सुटू लागला. जॉबच्या कडेला बर वाढला. स्क्रीनवरचा स्पिंडल लोड सुरुवातीपेक्षा वर राहू लागला. आवाज चौथा होता. पहिल्या तीन गोष्टी कुणालाही दाखवता येतात आणि कुणाकडूनही विचारून घेता येतात. त्या लेव्हल ३ च्या रकान्यात गेल्या. आवाज मामांकडेच राहिला.

लेव्हल ४ बद्दल माझं मत जरा कडक आहे. 'शिकवू शकतो' यावर पूर्ण गोळा देऊ नका. शिकवू तर कोणीही शकतो. ज्याच्या हाताखालचा किमान एक माणूस दुसऱ्याच्या तपासणीत लेव्हल २ ला पास झालाय, त्यालाच ४. शिवाय नवीन पार्ट आला तर वर सांगितलेला तो मशीनवरचा कागद तो स्वतः बनवतो: हिरवा पट्टा कुठपर्यंत, किती जॉबमागे एक मोजायचा, एका वेळी किती सरकायचं. किती जॉबमागे हे तो मनाने ठरवत नाही. पहिल्या इन्सर्टच्या आयुष्यात माप किती जॉबमध्ये हिरव्यातून पिवळ्यात जातं ते मोजतो, आणि त्याच्या निम्म्याहून कमी अंतर ठेवतो. तुमच्या १९ जणांत या ओळीला दोन लेव्हल ४ असले तरी पुष्कळ झाले. सगळ्यांना ४ वर न्यायची घाई असेल तर थांबा, त्याकडे पुढे येतो.

लेव्हल रजिस्टरमध्ये दिसते

या ओळीची तपासणी करायला परीक्षा घ्यायची गरज नाही. ऑफसेटचं रजिस्टर उघडा. एका माणसाच्या पानावर दिसेल: −५, पुढे बऱ्याच जॉबनंतर −५, पुन्हा तसंच अंतर, पुन्हा −५, मग इन्सर्ट बदलला म्हणून एकदम मागे. ही पायरी-पायरीची उतरण म्हणजे खरी झीज आणि खरी दुरुस्ती. दुसऱ्याच्या पानावर दिसेल: −५, +५, −८, +६, −५, तेही दर दुसऱ्या-तिसऱ्या जॉबला. याच्या मशीनला काही झालेलं नाही. मापातला नैसर्गिक थरथराट तो पाठलाग करून वाढवतोय. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग हेच फनेल आणि गोटीच्या प्रयोगाने दाखवत: गोटी जितकी चुकली तितकं फनेल उलट सरकवत गेलात तर गोट्या जास्तच पसरतात. अशा माणसाला कळकळ पुष्कळ असते, आणि सुपरवायझरला तो मेहनती वाटतो, म्हणून त्याला पाऊण गोळा मिळून जातो. खरं तर तो अजून लेव्हल २ चा कागदही पाळत नाही.

रजिस्टर नीट लिहिलंच जात नसेल तर ही ओळ भरूच नका. आधी महिनाभर रजिस्टर.

शब्द तपासायची एक सोपी रीत

ओळी लिहून झाल्या की दोन्ही सुपरवायझरना वेगवेगळं बसवा. सहाच माणसं निवडा, दोघांनाही रोज दिसणारी. दोघांनी एकमेकांशी न बोलता गोळे भरायचे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सहा माणसं आणि सहा ओळी, म्हणजे छत्तीस चौकोन होते, आणि तेरा ठिकाणी फरक निघाला. आमचे प्लांट हेड म्हणाले, सरासरी काढा. तसं अजिबात करू नका. प्रत्येक फरकाला एकच प्रश्न विचारायचा: 'तुम्ही काय बघितलं म्हणून हा आकडा दिला?'

त्या तेरांपैकी बरेच फरक एकाच ओळीत होते, सॉफ्ट जॉ बोअरिंगच्या. लेव्हल ३ ला आम्ही लिहिलं होतं, 'जॉ बोअर करून रनआउट मर्यादेत आणतो.' एकाने जॉब पकडून डायल लावली, २० मायक्रॉन, पास. दुसरा म्हणाला, अहो पण तो जॉ रिकामे मिटवून बोअर करतो, मध्ये रिंग पकडत नाही, प्रेशर कुठलं ठेवलंय तेही बघत नाही. आज नशिबाने आलं. दोघांचंही बरोबर होतं. वाक्य बदललं: 'जॉबला जे चक प्रेशर त्याच प्रेशरला, रिंग पकडून बोअर करतो, आणि जॉब काढून-लावून तीनदा डायल बघतो.' पुढच्या फेरीत त्या ओळीत फरक उरला नाही. असं वाक्य दुरुस्त करत जायचं. तिसऱ्या फेरीलाही फरक राहत असेल तर ती ओळ बहुधा दोन कामांची आहे, ती फोडा.

वाक्य लिहिताना 'माहिती आहे', 'समज आहे', 'जाण आहे', 'चांगल्या प्रकारे' हे शब्द आले की खोडा. मोजतो, थांबवतो, लिहितो, पुसतो, बोलावतो, वाचून दाखवतो, असे शब्द ठेवा. आणि वर्षं लिहू नका. 'तीन वर्षं अनुभव' ही लेव्हल नाही. सहा वर्षं एकाच मशीनवर एकच पार्ट चालवणारा माणूस मी पाहिलाय, त्याला दुसऱ्या पार्टचं सेटिंग माहीत नव्हतं. त्यात त्याचा दोष नव्हता, त्याला कुणी हलवलंच नव्हतं.

किती जणांना किती लागतं

तक्ता भरून झाल्यावर बहुतेक लोक उभं वाचतात, म्हणजे कोणत्या माणसाला किती येतं. ओळीने आडवंही वाचा: त्या कामाला प्रत्येक शिफ्टला किमान किती माणसं कुठल्या लेव्हलची लागतात, आणि आहेत किती. एकूण आकड्यावर जाऊ नका, शिफ्टवार मोजा. जॉ बोअरिंगला लेव्हल ३ तुमच्याकडे समजा तीन आहेत, पण तिन्ही दिवसपाळीला, तर रात्री शून्य आहेत. आणि रात्री एकच असेल आणि तो कोकणातला असेल, तर गणपतीत दहा दिवस तो नसणार हे आत्ताच कॅलेंडरवर दिसतंय. मग जुलैमध्ये कुणाला लेव्हल २ वरून ३ ला न्यायचं ते ठरतं. ट्रेनिंग प्लॅन असा निघतो. 'सगळ्यांना सगळं' हा प्लॅन नव्हे. तुम्हाला लेव्हल ४ पेक्षा प्रत्येक शिफ्टला दुसरा लेव्हल ३ जास्त उपयोगी पडेल.

प्रत्येक गोळ्यामागे तीन नोंदी ठेवा: कुठल्या जॉबवर बघितलं, कुणी बघितलं, कधी. ISO 9001 च्या कलम 7.2 ला हेच हवं असतं. कामाला काय सक्षमता लागते ते ठरवा, ती माणसात आहे याची खात्री करा, पुरावा ठेवा. गोळ्यांचा तक्ताच पाहिजे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. चांगला ऑडिटर तक्ता फार वेळ बघतही नाही. तो मशीनवरच्या माणसाचं नाव विचारतो, तक्त्यात त्याचा गोळा बघतो, आणि त्यालाच विचारतो, 'माप इथे आलं तर काय करशील?' लेव्हलची वाक्यं त्या माणसाबरोबर बसून लिहिली असतील तर तो उत्तर देतो.

गोळा खालीही येतो, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. सहा महिने जॉ बोअर केला नसेल तर लेव्हल ३ आपोआप राहत नाही. एकदा करून दाखवायचा, मग परत. ही शिक्षा नव्हे हे पटवायला थोडा वेळ जातो. सगळ्यात आधी सुपरवायझरचा स्वतःचा गोळा कमी करून दाखवला की पटतं.

पगाराचं

पहिलं वर्ष तक्ता पगाराशी जोडू नका. जोडलात तर माणसं काम शिकायच्या ऐवजी गोळे गोळा करतील आणि सुपरवायझर नाही म्हणायला कचरेल. शब्द अजून कच्चे असतात, त्यावर पैसे लावले की प्रत्येक शब्दावर कोर्ट बसतं. वर्षभरात दोन-तीन फेऱ्या झाल्या, फरक आटोक्यात आले, की मग शॉपला ज्या ओळींची खरी गरज आहे तेवढ्याच ओळींच्या लेव्हल ३ ला ठरावीक भत्ता लावा. सगळ्या गोळ्यांची बेरीज करून पगार काढू नका. किमान वेतनातले अकुशल, अर्धकुशल, कुशल हे वर्ग वेगळे आहेत, कायद्याचे आहेत. तुमच्या लेव्हल १-२-३ ची त्यांच्याशी सांगड घालून घोटाळा करू नका.

हजेरी, वागणूक, ओव्हरटाइमला थांबतो का, हे या तक्त्यात आणू नका. ते वेगळ्या कागदावर. आणि हेही ध्यानात ठेवा की तक्ता माणसाला काय येतं ते सांगतो, तो रोज काय करतो ते नाही. लेव्हल ३ चा माणूस टार्गेटच्या दबावाखाली मोजायचं सोडून देत असेल, तर त्याचा गोळा कमी करून काही साधणार नाही. तिथे टार्गेट बघा.

कामाला लागायचं असेल तर या आठवड्यात एकच ओळ घ्या, ऑफसेटची. वरची वाक्यं तशीच उचलू नका, तुमच्या पार्टची मापं घालून तुमच्या मामांबरोबर बसून लिहा. दीड-दोन तास जातील. मग दोन सुपरवायझर, सहा माणसं, वेगवेगळं बसवून. फरक किती निघतो ते बघून दुसऱ्या ओळीला हात घाला. सहा ओळींना तीनेक महिने सहज लागतात, आणि तेवढे लागू द्यावेत.

तक्ता मशीनच्या जवळ लावा, ऑफिसच्या पॅसेजमध्ये नाही, आणि गोळे पेन्सिलने भरा. लॅमिनेट तर मुळीच करू नका. एका ठिकाणी मी पावणेदोन वर्षं तोच चकचकीत तक्ता पाहिला होता. त्यातल्या दोघांनी नोकरी सोडून बरेच महिने झाले होते, आणि दोघांचेही गोळे पूर्ण होते.